रात्रीची पाळी कोणाची? : आजारी आईवडिलांची सेवा आणि थकलेली मुले

दरवर्षी १ जूनला शासनाची पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौका एकेक करून किनाऱ्याला लागतात. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांत जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात, आणि एरवी दर्यावर असणारे पुरुष घरात दिसू लागतात. ज्या घरांत कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले असते, तेथे या दोन महिन्यांत सेवा करणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब थोडा खाली येतो, आणि ऑगस्टमध्ये नौका पुन्हा निघाल्या की तो वर सरकतो. ही माझ्या दवाखान्यातील नोंदवहीवरून दिसणारी गोष्ट आहे. तिला संशोधनाचे मोल नाही. पण या लेखाचा विषय मला तिच्यातूनच सुचला. आजाऱ्याचा आजार जूनमध्ये तोच असतो आणि ऑगस्टमध्येही तोच असतो. फरक पडतो तो रात्री किती माणसे उठू शकतात, यात.

आईवडिलांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या मुलामुलींच्या थकव्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा मनाविषयी बोलतो. संयम ठेवावा, छंद जोपासावा, सकारात्मक राहावे, असे सांगतो. माझा अनुभव असा की, हा थकवा प्रथम झोपेचा असतो, मग सतत लक्षात ठेवण्याच्या ओझ्याचा, आणि मनाचा त्यानंतर. म्हणून या दोनच गोष्टींविषयी, रात्र आणि लक्षात ठेवणे, येथे सविस्तर लिहितो. ओळख उघड होऊ नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र करून एकच घर आपल्यापुढे ठेवतो.

वडील बहात्तर वर्षांचे, एकेकाळचे तांडेल. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. मधुमेह आणि रक्तदाब आधीपासून होतेच. आई हयात नाही. थोरली लेक शेहेचाळीस वर्षांची. लग्न केले नाही, घरी शिवणकाम करते. धाकटा मुलगा पर्ससीन नौकेवर खलाशी, त्याची पत्नी पहाटे जेट्टीवर लिलावाला जाते आणि मासळी विकून दुपारी परतते. मधला मुलगा मुंबईत नोकरीला, दरमहा पैसे पाठवणारा. धाकटी लेक पावसला दिलेली. म्हणजे चार भावंडे, सगळी चांगली, एकमेकांशी प्रेमाने वागणारी. आणि तरीही सेवा एकटीच्याच वाट्याला.

ती माझ्याकडे कंबरदुखीसाठी आली. दोन महिन्यांत ही तिची तिसरी खेप होती. निघताना म्हणाली, "डॉक्टर, एखादी झोपेची गोळी द्या, पण अशी द्या, की बाबांनी हाक मारली तर जाग आली पाहिजे."

अशी गोळी नसते.

थकवा, खिन्नता की आणखी काही

अशा व्यक्तीला "आपण दमला आहात" असे सांगून परत पाठवणे सोपे असते, पण आधी काही तपासण्या कराव्या लागतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत पंडुरोग किंवा थायरॉइडची मंदता पुष्कळदा आढळते, आणि दोन्हींची लक्षणे सेवेच्या थकव्यासारखीच असतात. कारण हाताशी असले की आपण दुसरे कारण शोधत नाही. या लेकीचे हिमोग्लोबिन ९ होते. लोहाच्या गोळ्यांनी पुढील तीन महिन्यांत ते सुधारले, तरी प्रश्नाचा तो निम्माच भाग होता.

साधा थकवा दोन रात्रींच्या पुरेशा झोपेने उतरतो. सेवेतील शीण तेवढ्याने उतरत नाही. माणूस विश्रांती घेऊन उठतो आणि आजाऱ्याच्या खोलीच्या दारात पाऊल ठेवताच पुन्हा गळून जातो. त्याचा स्वभाव त्या एका खोलीपुरता बदललेला असतो. बाहेर हसणारी लेक आत गेली की आवाज चढवते, घास जरा घाईने भरवते, कूस बदलताना हात नकळत कडक पडतो. खिन्नतेचा आजार याहून वेगळा. त्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणत्याच गोष्टीत रस उरत नाही, भाच्याच्या बारशालाही जावेसे वाटत नाही, भूक आणि झोप दोन्ही बिघडतात. तेव्हा केवळ कामाची वाटणी पुरत नाही, उपचार लागतात. "हे सगळे संपून जावे" हा विचार सेवा करणाऱ्या अनेकांच्या मनात येऊन जातो, आणि तो आला म्हणून कोणी वाईट मुलगा वा मुलगी ठरत नाही. मात्र तो स्वतःला किंवा आजाऱ्याला इजा करण्याच्या विचाराकडे वळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी विनाशुल्क उपलब्ध असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

एका दिवसाचा जमाखर्च

मी त्या लेकीला एक काम सांगितले. एका पूर्ण दिवसाची, पहाटे पाच ते दुसऱ्या पहाटेपर्यंतची, नोंद वहीत करायची. मत लिहायचे नाही, फक्त काम आणि वेळ.

वही आली. चार वेळा खाऊपिऊ घालण्यात दोन तास जात होते, कारण पक्षाघातानंतर गिळणे मंदावले की घाई करता येत नाही. रुग्णाला सरळ बसवून लहान घास द्यावे लागतात आणि त्यानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे लागते. अंग पुसणे, कपडे बदलणे आणि शौच यांत पावणेदोन तास. औषधे आणि इन्सुलिन यांत पाऊण तास, हातापायांच्या व्यायामात पाऊण तास. वेगळा मऊ स्वयंपाक आणि अंथरूण-कपड्यांची धुणी यांत सव्वादोन तास. एकूण साडेसात तास, म्हणजे एका पूर्ण नोकरीइतके काम दिवसाच.

पण वहीतील माझ्या दृष्टीने महत्त्वाचे पान रात्रीचे होते. उठण्याच्या वेळा अशा: साडेअकरा, सव्वा, अडीच, चार, साडेपाच. तीनदा लघवीसाठी, दोनदा कूस बदलण्यासाठी. दर खेपेस पंधरा-वीस मिनिटे धरली, तर सलग झोप जेमतेम दीड तासाची. कोणाही धडधाकट माणसाला असे दोन वर्षे उठवले, तर त्याचा संयम, स्मरण आणि रक्तदाब बिघडतीलच. त्यासाठी प्रेम कमी असण्याची गरज नाही.

आपल्या घरीही अशी एका दिवसाची वही करून पाहावी. तिचा दुसरा उपयोग असा की, ती भावंडांपुढे ठेवता येते. "मी फार दमते" या वाक्याला "आम्हीही दमतो" असे उत्तर मिळते. "साडेअकरा, सव्वा, अडीच, चार, साडेपाच" याला तसे उत्तर देता येत नाही.

आधी रात्र लहान करावी, मग वाटावी

ओझे वाटण्याआधी ते कमी करता येते का हे पाहावे, आणि हे काम डॉक्टरचे आहे. या घरी आम्ही तीन बदल केले. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात होती, ती सकाळी आणली. पाणी कमी केले नाही, पण त्याचा मोठा भाग संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा असे ठरवले. रात्रीपुरती लघवीसाठी बाहेरून बसवायची रबरी पिशवी आणि तिला जोडलेली नळी वापरू लागलो; पुरुष रुग्णांना ती सोयीची पडते, मात्र रोज काढून त्वचा धुऊन कोरडी करावी लागते आणि ती घट्ट बसवून चालत नाही. तिसरा बदल हवेच्या गादीचा. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम आहे. दाब कमी करणारी गादी असेल आणि त्वचा निर्दोष असेल, तर डॉक्टरांनी तपासून रात्रीपुरते हे अंतर चार तासांपर्यंत वाढवता येते. रोज सकाळी माकडहाड, टाचा आणि खुबे पाहायचे. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली असे समजून पुन्हा दोन तासांवर यायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

याशिवाय औषधांच्या पाच वेळांच्या तीन केल्या. हे बहुतेक घरांत शक्य असते, पण निरनिराळ्या तज्ज्ञांनी आपापल्या चिठ्ठ्या दिलेल्या असतात आणि त्या एकत्र कोणी पाहत नाही. सगळ्या चिठ्ठ्या आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्याव्यात आणि "यातील काय एकाच वेळी देता येईल, काय बंद करता येईल?" असे स्पष्ट विचारावे. स्वतःहून मात्र वेळा बदलू नयेत.

रात्रीचे पाच वेळा उठणे दोनवर आले. आता वाटणी करण्याजोगे काही उरले.

व्यायामाविषयी एक खुलासा येथेच करतो. वडील चालू लागत नाहीत याचा दोष ती लेक स्वतःला देत असे. आपण व्यायामात कमी पडलो अशी तिची समजूत होती. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून घरी पुनर्वसनाचे व्यायाम करवून घेतले, तर रुग्णाचे परावलंबन घटते का, हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत, नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत, फरक आढळला नाही. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे आवश्यकच आहे. पण वडील उठून चालतील की नाही हे लेकीने घातलेल्या तासांवर ठरत नाही. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

'मदत' आणि 'पाळी' यांतील अंतर

भावंडे मदत करत नव्हती असे नाही. मुंबईचा भाऊ रोज फोन करून विचारपूस करी आणि सूचनाही देई. वहिनी "काही लागलं तर सांगा, ताई" असे म्हणे. अडचण या "सांगा" शब्दात आहे. काय लागते ते ओळखायचे, आठवायचे, सांगायचे आणि झाले की नाही ते पाहायचे, हे सारे ताईकडेच राहते. इन्सुलिन किती उरले, पुढची तपासणी कधी, वैद्यकीय कागद कोठे, हे एकाच डोक्यात असेल, तर हात चार असूनही ओझे एकाचेच. म्हणून काम द्यायचे ते आठवणीसकट द्यायचे.

केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची हकीकत आपल्याला ठाऊक असेल. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांची सेवा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. एवढ्या वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांच्या मायेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आपले लक्ष एका रुक्ष गोष्टीकडे वेधतो. तेथे पाळ्या होत्या. पाळी संपली की परिचारिका जाणाऱ्या-येणाऱ्या कामाची माहिती सोपवून घरी जाऊन झोपत असे.

मिरकरवाड्याच्या त्या घरी जुलैत, बंदीच्या काळात, सगळी भावंडे एकत्र बसली. ठरले ते असे. औषधांचे सर्व खाते मुंबईच्या भावाकडे: साठा मोजणे, मागवणे, तपासणीच्या तारखा, माझ्याशी बोलणे. त्याच्या पैशांतून रोज सकाळी चार तासांसाठी वस्तीतील एका अनुभवी बाईंना ठेवले. अंग पुसणे, कपडे, धुणी ही कामे त्यांच्याकडे. शिवाय सुट्टीत तो गावी येईल तेव्हा पाहुणा म्हणून नव्हे, तर सलग पंधरा दिवस रात्रीची पाळी घेण्यासाठी. संध्याकाळचे जेवण, शिजवण्यापासून भरवून अर्धा तास बसवण्यापर्यंत, वहिनीकडे. पावसच्या बहिणीकडे एक शनिवार सोडून एक शनिवार, रात्रीसह. धाकट्या भावाकडे बंदीच्या काळात आठवड्यातल्या चार रात्री, आणि हंगामात नौका बाहेर पडणार नाही ती रात्र, आठवड्यात निदान एक.

पहिल्याच महिन्यात हे मोडता मोडता राहिले. धाकट्या भावाला त्याच्या रात्री जाग आली नाही, पहाटे अंथरूण ओले सापडले, आणि ताईने रात्र पुन्हा स्वतःकडे घेतली. बहुतेक घरांतील वाटणी येथेच संपते. यावर उपाय दोन केले. भावाने मोबाइलवर दोन वेळांचे गजर लावले; आणि त्याच्या पाळीच्या रात्री ताईने त्या घरात झोपायचेच नाही, शेजारच्या चुलतघरी झोपायचे. दार बंद करून शेजारच्या खोलीत झोपलेली व्यक्ती प्रत्यक्षात पाळीवरच असते, कारण प्रत्येक खोकल्याला ती उठते. नवा माणूस काम आपल्यासारखे करणार नाही. चादर वाकडी राहील, वरण जरा पातळ होईल. तेवढे चालवून घ्यावे.

काही गोष्टी मात्र चालवून घेता येत नाहीत, आणि त्या पाळी घेणाऱ्या प्रत्येकाला लेखी द्याव्यात. आमच्या कागदावर तीनच होत्या. पहिली: आडवे असताना काहीही भरवायचे नाही, घास गिळताना खोकला आला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर थांबायचे. दुसरी: ताट समोर तयार असल्याशिवाय इन्सुलिन द्यायचे नाही. सुई दिली आणि जेवण राहिले तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळ दिसल्यास साखर मोजायची, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तरच साखरपाणी द्यायचे, नाहीतर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठायचे. तिसरी: तोंड वाकडे होणे, बोलणे अधिक अडखळणे, दुसरी बाजूही लुळी पडणे यांपैकी काही दिसले, तर ताईला विचारत न बसता १०८ ला फोन.

मुंबईच्या भावाच्या खात्यातही एक घोटाळा झालाच. रक्तदाबाची तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने आली आणि दोन दिवस दोन्ही दिल्या गेल्या. वडिलांना बसवताना चक्कर आली तेव्हा ते लक्षात आले. त्यानंतर तक्त्यावर कंपनीचे नाव न लिहिता औषधातील मूळ घटकाचे नाव लिहू लागलो. आपल्याकडेही असेच करावे.

सगळ्याच घरांत भावंडे एकत्र बसत नाहीत, हेही खरे. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्यानुसार मुलगे आणि मुली दोघांवरही जबाबदारी आहे, आणि आईवडील स्वतः किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. त्यातून निर्वाहाचे पैसे मिळू शकतात, पाळी मिळत नाही. म्हणून तो मार्ग अखेरचा. त्याविषयी माहिती हवी असल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर विचारता येते. एकुलत्या अपत्यांनी आपल्यासारख्याच दुसऱ्या घराशी जोडून घ्यावे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला 'शुभार्थी' आणि सेवा करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणते, आणि तेथे दोघेही एकत्र भेटतात. त्या नावांचा उपयोग असा की, सेवा करणारी व्यक्ती त्यामुळे स्वतंत्रपणे दिसू लागते.

अखेरीस, हा लेख वाचणाऱ्या आजारी ज्येष्ठांशी थोडे बोलायचे आहे. आमच्या त्या तांडेलांनी प्रारंभी सुनेच्या हातून जेवण्यास नकार दिला. शौचाच्या वेळी तर लेकीखेरीज कोणीच नको. लाज ही खरी गोष्ट आहे, तिची थट्टा करू नये. म्हणून ते काम सुनेकडे न देता मुलाकडे दिले, आणि मुलगा दर्यावर असेल तेव्हा ते लेकीकडेच राहिले. जेवणाचे मात्र तसे नव्हते. तेथे त्यांना लेकीच्या हाताची सवय होती, एवढेच. आठवड्यातून दोन संध्याकाळी सुनेच्या हातून, असे आरंभी ठरवले, आणि त्या वेळी लेक घराबाहेर, जेट्टीच्या बाजूला फिरायला. पहिल्या दिवशी त्यांनी चार घास घेतले. साखर मोजली, थोडे दूध दिले, काही बिघडले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सुनेला अडखळत विचारले, आज लिलावात बांगड्याला काय भाव मिळाला. दोघांचे जेवण त्या दिवशी तासभर चालले. आपल्यालाही आपल्या नेहमीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाचा हात नको वाटत असेल, तर प्रकृती बरी असताना, एका जेवणापासून, ही सवय लावून घ्यावी. नेहमीचे माणूस तापाने पडल्यावर ती लावणे फार कठीण जाते.